पावडर आहे, तरी अक्षर फिके

लेझर प्रिंटरच्या पानावरचे अक्षर शाईचे नसते, पावडरीचे असते. टोनर म्हणतात ती ही पावडर म्हणजे रंग मिसळलेल्या प्लॅस्टिकचे अतिशय बारीक कण. कागदावर ते उष्णतेने वितळून चिकटतात. म्हणून अक्षर फिके दिसते तेव्हा कागदावर पावडर कमी पोचलेली असते, एवढेच त्यातून कळते. कार्ट्रिज रिकामे झाले असेल तर कारण उघड आहे. कोडे पडते ते कार्ट्रिजमध्ये पावडर असूनही पान पुसट येते तेव्हा.

कार्ट्रिज ते कागद या प्रवासात पावडरीला दोन उड्या माराव्या लागतात. पहिली कार्ट्रिजमधल्या मॅग्नेटिक रोलरवरून ड्रमवर, दुसरी ड्रमवरून कागदावर. प्रिंट गडद-फिकी करण्याची सेटिंग, म्हणजे डेन्सिटी, फक्त पहिल्या उडीवर चालते. कागदाच्या खाली दडलेला ट्रान्स्फर रोलर फक्त दुसरी उडी घडवतो. पावडर कोणत्या उडीत अडली हे न पाहता डेन्सिटी वाढवत जाणे ही या बिघाडात सर्रास होणारी चूक आहे. तिच्यामुळे पावडर जास्त खर्च होते आणि दोष जागच्या जागी राहतो.

भारतातल्या दुकानांत आणि कचेऱ्यांत वर्षानुवर्षे चालत आलेला एचपी लेझरजेट १०२० आणि त्याचे १२ए कार्ट्रिज ही जोडी समोर ठेवली, तर या दोन्ही उड्या स्पष्ट समजतात. या प्रिंटरमध्ये ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो. आधी ड्रमच्या पृष्ठभागावर सुमारे उणे ६०० व्होल्टचा विद्युतभार चढवला जातो. लेझरचा किरण जिथे अक्षर काढतो तिथला भार उतरून उणे १०० व्होल्टच्या आसपास येतो. मॅग्नेटिक रोलरवरची पावडरही घासली जाऊन ऋणभारित झालेली असते. रोलरला दिलेला दाब या दोन आकड्यांच्या मधला असतो. त्यामुळे पावडर कमी ऋण असलेल्या अक्षराच्या जागी उडी मारते आणि जास्त ऋण असलेल्या कोऱ्या जागेपासून दूर ढकलली जाते. अशा रीतीने ड्रमवर उलटे, आरशातल्यासारखे अक्षर उमटते. मग कागद ड्रमखालून सरकतो आणि त्याच्या पाठीला टेकलेला ट्रान्स्फर रोलर धन दाब घेऊन पावडर कागदाकडे खेचतो. हा दाब हजार व्होल्टच्या घरातला असतो. शेवटी तापलेल्या फ्युजरमधून जाताना पावडर कागदात वितळते.

दुसरी उडी ही वेगळी पायरी आहे, हे या तंत्राच्या पहिल्या प्रयोगातही दिसते. चेस्टर कार्लसन यांनी २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यू यॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात गंधक लावलेल्या जस्ताच्या पत्र्यावर लायकोपोडियमची पावडर भुरभुरून अक्षरे उमटवली, आणि मग मेणकागद दाबून ती पत्र्यावरून उचलून घेतली. पत्र्यावर अक्षर कितीही ठळक असले तरी मेणकागदाने ते नीट उचलले नाही तर कागद फिकाच राहणार. आजचा ट्रान्स्फर रोलर त्या दाबणाऱ्या हाताचेच काम करतो, फक्त विजेच्या ओढीने.

तपासाची सुरुवात प्रिंटर न उघडता करता येते. पहिला प्रश्न असा की सगळ्या संगणकांवरून पान फिके येते की एकाच संगणकावरून. १०२० सारख्या प्रिंटरमध्ये छपाईच्या बऱ्याच सेटिंग्ज त्या त्या संगणकातल्या ड्रायव्हरमध्ये असतात. शेजारच्या संगणकावरून तेच पान काळेभोर आले, तर यंत्राला हात लावण्याचे कारणच उरत नाही. अशा वेळी Printing Preferences मध्ये EconoMode वर खूण आहे का ते पाहावे. ही पावडर वाचवण्याची सोय आहे आणि ती मुद्दाम कमी पावडर टाकते. कुणीतरी महिनाअखेरीस ती सुरू केलेली असते आणि मग सगळे विसरून गेलेले असतात. लिहिलेला मजकूरच काळ्याऐवजी करड्या रंगात आहे का, हेही पाहावे. स्कॅन आणि झेरॉक्सची सोय असलेल्या यंत्रावर संगणकाशिवाय थेट झेरॉक्स काढून बघता येते. झेरॉक्स गडद आणि प्रिंट फिकी, तर दोष ड्रायव्हरकडे असतो. मात्र झेरॉक्सची गडद-फिकी पट्टी वेगळी असते, ती मध्यावर आहे ना याची खात्री करावी लागते.

याच टप्प्यावर कार्ट्रिज बाहेर काढून आडवे धरावे आणि पाच-सहा वेळा डावीकडून उजवीकडे हळुवार हलवावे. पावडर एका बाजूला साचलेली असेल किंवा खरोखर संपत आली असेल, तर हलवल्यावर काही पाने गडद येतात आणि मग पुन्हा फिकी पडतात. संगणकाच्या पडद्यावर ‘टोनर शिल्लक’ म्हणून दिसणारा आकडा अनेक यंत्रांत छापलेल्या पानांवरून केलेला अंदाज असतो, पावडरीचे वजन नव्हे. रिफिल केलेल्या कार्ट्रिजबाबत तर त्या आकड्यावर विसंबूच नये. हलवूनही काहीच फरक पडला नाही, तरच ‘पावडर आहे, तरी फिके’ हे कोडे खरे ठरते.

आता डेन्सिटी. एचपीच्या बहुतेक छोट्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरमध्ये ती Print Density या नावाने १ ते ५ अशा पायऱ्यांत असते, आणि कारखान्यातून निघताना ३ वर ठेवलेली असते. ती कुठे सापडेल हे मॉडेलनुसार बदलते. कुठे ती Printer Properties मधल्या Device Settings किंवा Configure या पानावर असते, तर कुठे प्रिंटरच्याच छोट्या पडद्यावरच्या यादीत. आकडा वाढवला की मॅग्नेटिक रोलरचा ऋण दाब वाढतो आणि पावडरीचे जास्त कण ड्रमवर ढकलले जातात. आकडा कुणी १ किंवा २ वर आणून ठेवला असेल, तर तो ३ वर नेताच पान सुधारते आणि तपास तिथेच संपतो.

आकडा आधीपासून ३ वर असेल तर मात्र तो ५ वर नेणे ही दुरुस्ती नव्हे. तो एक प्रयोग म्हणून करावा आणि त्यातून काय दिसते ते वाचावे. संपूर्ण पान एकसारखे गडद झाले, तर पहिली उडी कमजोर होती आणि तिला धक्का मिळाला असे समजावे. ती कमजोर का झाली हे शोधायचे बाकीच राहते, कारण जुना ड्रम किंवा हलक्या प्रतीची पावडर तशीच असते. अक्षर जाड झाले पण फिकेपणाचे ठिगळ जिथल्या तिथे राहिले, तर शंका दुसऱ्या उडीवर घ्यावी. डेन्सिटी वाढवल्याची किंमतही मोजावी लागते. मॅग्नेटिक रोलरचा दाब कोऱ्या जागेच्या दाबाजवळ सरकू लागला की पावडर तिथेही बसते आणि कागदाची पार्श्वभूमी करडी होते. देवनागरीत तर हे लगेच जाणवते: लहान टाइपात ‘ष’, ‘क्ष’, ‘द्ध’ यांच्या पोटातल्या मोकळ्या जागा भरतात आणि जोडाक्षरे काळ्या ठिपक्यांसारखी दिसू लागतात.

दोन उड्या वेगळ्या काढणारी खरी कसोटी म्हणजे पान अर्ध्यावर थांबवणे. यंत्रदुरुस्तीत ही पद्धत जुनी आहे आणि तिला काहीही खर्च येत नाही. ज्यात पानभर ठळक काळे पट्टे किंवा मोठी जाड अक्षरे आहेत असे पान छपाईला द्यावे. १०२० मिनिटाला साधारण १४-१५ पाने काढतो, म्हणजे एका पानाला जेमतेम चार सेकंद लागतात. म्हणून कागद अर्धा आत गेला की लगेच प्रिंटरचे झाकण उघडावे. झाकण उघडताच यंत्र थांबते. मग वायर काढावी आणि कार्ट्रिज हलक्या हाताने बाहेर घ्यावे. फ्युजरचा भाग खूप तापलेला असतो, त्याला हात लागू देऊ नये. अर्ध्या कागदावरची पावडर अजून चिकटलेली नसते, तेव्हा कागद आडवाच ठेवून उचलावा.

आता कार्ट्रिजखालची झडप उघडून ड्रम पाहावा. त्याचा घेर सुमारे ७५ मिलिमीटर असतो, त्यामुळे दिसणारा पट्टा छोटाच असतो, पण तेवढा पुरतो. ड्रमचा जो भाग अजून कागदापर्यंत पोचलेला नव्हता त्यावर अक्षर कसे आहे ते आधी पाहायचे. मग कागदाला टेकून पुढे गेलेल्या भागावर काय उरले आहे ते पाहायचे. पहिल्या भागावर अक्षर काळेभोर आणि दुसऱ्या भागावरही पावडरीची स्पष्ट सावली शिल्लक असेल, तर पावडर ड्रमवर आली होती पण कागदाने ती घेतली नाही. दोष ट्रान्स्फरचा. पहिल्या भागावरच अक्षर फिके असेल तर ट्रान्स्फर रोलर निर्दोष आहे. शोध कार्ट्रिज, डेन्सिटी किंवा लेझरच्या वाटेकडे वळवावा. ड्रमवर अक्षर गडद आहे, पुढचा भाग जवळजवळ स्वच्छ आहे आणि न भाजलेल्या कागदावरही अक्षर गडद आहे, असे दिसले तर दोन्ही उड्या ठीक आहेत आणि पुढे फ्युजरकडे बघायचे. तिथला दोष मात्र सहसा फिकेपणाचा नसतो, बोट फिरवल्यावर पावडर पुसली जाण्याचा असतो. पाहणी दोन-तीन मिनिटांत आटपून ड्रम कापडाने झाकावा. उजेडाने त्याचा लेप खराब होतो. ड्रमला बोट तर लावूच नये.

ट्रान्स्फरच्या दोषाची एक खूण रिफिल करणाऱ्या कारागिराच्या हाती आपोआप लागते. कागदावर न गेलेली पावडर ड्रमवरची रबरी पट्टी, म्हणजे वायपर ब्लेड, खरवडून कार्ट्रिजमधल्या टाकाऊ पावडरीच्या कप्प्यात टाकते. दुसरी उडी फसत असेल तर हा कप्पा अवेळी भरतो. पाने फिकी आली आणि तरीही कार्ट्रिज नेहमीइतक्याच पानांत संपले, हे ऐकून ज्याला विरोधाभास वाटत नाही, त्याला हा बिघाड कळला आहे. पावडर वापरली गेली होती, पण ती कागदावर न जाता टाकाऊ कप्प्यात गेली.

ट्रान्स्फर रोलर दिसायला साधा असतो: बारीक लोखंडी दांडा आणि त्यावर वीज वाहून नेणाऱ्या स्पंजाचे काळे आवरण. कार्ट्रिज काढल्यावर तो खाली आडवा दिसतो. त्याची दोन्ही टोके छोट्या प्लॅस्टिकच्या बुशांत बसलेली असतात, बुशांखाली स्प्रिंगा असतात आणि एका टोकाला दातेरी चक्र असते. स्प्रिंगा रोलरला वर, कागदाच्या पाठीवर दाबून धरतात. उच्च दाबाची वीजही टोकाच्या जोडणीतून दांड्यात येते. या मांडणीतच त्याचे बिघाड लपलेले आहेत. बूश जागेवरून सुटला तर त्या बाजूला रोलर कागदाला नीट टेकत नाही आणि पानाची तेवढीच बाजू फिकी होते. जोडणीत पावडर किंवा कागदाचा भुसा साचला तर विजेचा दाब कमी पडतो आणि सगळे पान फिके होते. स्पंजावर ओशट डाग पडला, आणि तो बहुधा हाताच्या बोटांचाच असतो, तर रोलरच्या एका फेऱ्याइतक्या अंतरावर तोच फिका ठिपका पुन्हा पुन्हा उमटतो. रोलरभोवती दोरा गुंडाळून त्याचा घेर मोजावा आणि पानावरच्या ठिपक्यांमधल्या अंतराशी ताडून पाहावा. दोन्ही जुळले तर दोषी भाग सापडला. आणि वापराने स्पंज कडक किंवा चकचकीत झाला असेल, तर स्वच्छतेने काही साधत नाही, रोलर बदलावाच लागतो. मोठ्या कचेऱ्यांतल्या काही प्रिंटरांसाठी एचपी सुमारे २ लाख पानांनंतर लावायचा देखभाल संच देते आणि त्यात नवा ट्रान्स्फर रोलर असतो. छोट्या प्रिंटरसाठी तसे वेळापत्रक नसते, म्हणून त्यांच्यात हा रोलर कुणाच्या लक्षातही राहत नाही.

स्वच्छता करताना वायर काढलेली असावी आणि यंत्र अर्धा तास थंड झालेले असावे. रोलर धातूच्या टोकांनीच धरावा. मऊ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने किंवा मऊ ब्रशने स्पंज फिरवत पुसावा. पाणी, स्पिरिट, तेल यांपैकी काहीही वापरू नये, कारण ओलसर स्पंज सुकेपर्यंत विजेचे गणित बिघडलेले राहते आणि काही द्रवांनी स्पंज कायमचा खराब होतो. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही नको. इतकी बारीक पावडर त्याच्या गाळणीतून पलीकडे निसटते आणि खोलीभर पसरते. कपड्यांवर पडलेली पावडर झटकून टाकावी आणि थंड पाण्याने धुवावी. गरम पाण्याने ती कापडाला चिकटते. रोलर परत बसवताना दोन्ही बूश ‘टक’ आवाजाने बसले का, स्प्रिंगा सरळ आहेत का, आणि रोलर बोटाने टोकाकडे दाबल्यावर खाली जाऊन पुन्हा वर येतो का, हे दोन्ही बाजूंनी पाहावे. सगळ्याच प्रिंटरांत हा रोलर असा मोकळा काढता येत नाही. ब्रदरच्या बऱ्याच काळ्या-पांढऱ्या प्रिंटरांत तो वेगळ्या ड्रम युनिटमध्येच बसवलेला असतो आणि त्या युनिटबरोबर बदलला जातो. रंगीत प्रिंटरांत बहुधा मध्ये एक पट्टा असतो, तिथले नियम निराळे.

हे सगळे एका उदाहरणात नीट दिसते. तालुक्याच्या गावी सातबारा उतारे आणि अर्ज छापून देणारे दुकान आहे, असे समजावे. १०२० वर एकदा कागद अडकतो, दुकानदार तो जोर लावून ओढून काढतो आणि त्यानंतर प्रत्येक पानाचा उजवीकडचा तिसरा हिस्सा फिका येऊ लागतो. कार्ट्रिज दोनच आठवड्यांपूर्वी भरलेले असते. आधी ते हलवून पाहिले जाते, काही फरक पडत नाही. म्हणजे उजवीकडची पावडर संपलेली नाही. मग डेन्सिटी ३ वरून ५ वर नेली जाते. डावीकडची अक्षरे जाड होऊन भरतात, उजवीकडे मात्र थोडासाच उठाव येतो. ही एक गोष्ट पुरेशी बोलकी आहे: पावडर पानभर वाढली, पण उजवीकडे ती कागदावर येत नाही. पान अर्ध्यावर थांबवले जाते. ड्रमवर दोन्ही बाजूंना अक्षर गडद दिसते, पण कागदाला टेकून गेलेल्या भागावर एका टोकाला पावडरीची दाट सावली उरलेली असते. इथे एक घोटाळा टाळावा लागतो. ड्रमवरचे अक्षर उलटे असते आणि कार्ट्रिज पालथे केले की डावे-उजवे बदलते, म्हणून काढण्यापूर्वीच कार्ट्रिजच्या उजव्या टोकाला चिकटपट्टीने खूण केलेली असावी. खूण सांगते की सावली पानाच्या उजव्या बाजूचीच आहे. रोलर पाहिल्यावर उजवा बूश खाचेतून अर्धा बाहेर आलेला आणि स्प्रिंग तिरकी झालेली दिसते. स्प्रिंग सरळ करून बूश दाबला की पान दोन्हीकडे सारखे काळे येते, आणि डेन्सिटी ३ वर आणल्यावरही तसेच राहते.

ट्रान्स्फरच्या याच पायरीवर एक कारण असे आहे की ज्यात यंत्राचा काहीच दोष नसतो: दमट कागद. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ट्रेमध्ये उघडा पडलेला कागद हवेतली ओल शोषतो. ओला कागद वीज वाहून नेतो, त्यामुळे त्याच्या पाठीवर दिलेला भार जागेवर टिकत नाही, निसटून जातो आणि पावडर अर्धवटच ओढली जाते. अक्षरे फिकी, ठिगळ-ठिगळ येतात आणि कागद फ्युजरमधून बाहेर पडताना वळलेला दिसतो. अर्ध्या पानाच्या कसोटीत हा दोषही ट्रान्स्फरचाच दिसेल, म्हणून रोलर काढण्यापूर्वी नवी बंद रीम फोडून तिच्यातली दहा पाने छापून पाहावीत. ती गडद आली तर जुना गठ्ठा बाजूला ठेवावा आणि उरलेली रीम तिच्या मूळ वेष्टनात बंद ठेवावी. जाड कागद वापरताना ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार साधाच निवडलेला राहिला, तरीही काही यंत्रांत ट्रान्स्फर अपुरा पडतो.

ड्रमवरच अक्षर फिके आढळले तर मात्र रोलर सोडून कार्ट्रिजकडे यावे. सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चालू प्रिंटरमधले चांगले कार्ट्रिज काही पानांपुरते बसवून पाहणे. त्यावर पान गडद आले, तर जुन्या कार्ट्रिजमधला ड्रम झिजलेला असतो, मॅग्नेटिक रोलरची विजेची जोडणी मळलेली असते, किंवा रिफिलची पावडर त्या मॉडेलला न जुळणारी असते. विजातीय पावडरीवर भार नीट चढत नाही. अशा वेळी अक्षर फिके आणि पार्श्वभूमी करडी, असे दोन्ही एकाच पानावर दिसते. त्यावर डेन्सिटी वाढवली तर करडेपणाच वाढतो. जुनी पावडर पूर्ण काढून योग्य पावडर भरणे हाच मार्ग उरतो. बदललेल्या कार्ट्रिजवरही पान तितकेच फिके आले, तर लेझरचा किरण ज्या काचेतून आणि आरशावरून येतो तिथे धूळ बसलेली असण्याची शक्यता असते. ती सहसा आधी पानाच्या लांबीत जाणाऱ्या फिक्या उभ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसते आणि मग सगळीकडे पसरते. तो भाग उघडणे हे जाणत्या कारागिराचे काम आहे, कारण आरशाची मांडणी थोडी जरी हलली तरी ओळी तिरक्या छापल्या जातात.